हॉटेलचं बिल हातात आल्यावर: सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि विचारायचे प्रश्न

आषाढ सरत आला की पुण्यातल्या हॉटेलांत बसायला जागा मिळत नाही. श्रावण लागायच्या आधीच्या अशाच एका शनिवारी आम्ही चौघं जेवायला गेलो होतो: मी, नवरा, दीर आणि जाऊ. बिल आलं ३,५४५ रुपयांचं. दिरांनी खिशातून कार्ड काढलं होतं, तेवढ्यात मी बिल मागून घेतलं. मी दोन-तीन हॉटेलांचे हिशेब लिहिते, त्यामुळे बिल दिसलं की नजर आधी कराच्या ओळीवर जाते. तिथे जीएसटी १६५ रुपये होता. जेवण झालं होतं २,२०० रुपयांचं, आणि २,२०० वर पाच टक्के म्हणजे ११०. वरचे पंचावन्न कशाचे?

त्या पंचावन्न रुपयांचा माग काढता काढता बिलातल्या दोन चुका सापडल्या आणि शेवटी बिल ३,१९० वर आलं. तो हिशेब इथे ओळीने मांडते. आकडे छोटे आहेत, पण रीत तीच ठेवली तर कुठलंही बिल दोन मिनिटांत तपासता येतं.

आधी बिलाचे तीन भाग वेगळे करा

हॉटेलच्या बिलात तीन प्रकारचे पैसे असतात, आणि प्रत्येकाबद्दल आपला हक्क निराळा आहे.

पहिला भाग पदार्थांच्या किमतीचा. मेनू कार्डावर छापलेला भाव वाचून आपण ऑर्डर दिली, तेव्हा तो आपण मान्य केला. पनीर टिक्का ३८० रुपयांना का, हा प्रश्न ऑर्डर देण्याआधीचा. जेवण झाल्यावर एवढंच बघायचं की मेनूवरचा भाव आणि बिलातला भाव एकच आहे ना, आणि न मागवलेलं काही लागलं नाही ना. रोट्यांच्या संख्येत सगळ्यात जास्त घोळ होतात, कारण त्या एकेक करून मागवल्या जातात आणि दर वेळी केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, वेगळी फाटते. रोट्या मोजा.

दुसरा भाग कराचा. हे पैसे हॉटेलचे नाहीत. हॉटेल ते आपल्याकडून घेऊन सरकारला भरतं. कर बरोबर लागला असेल तर ‘नको’ म्हणता येत नाही. तो बरोबर रकमेवर आणि बरोबर दराने लागलाय का, हे मात्र जरूर विचारता येतं.

तिसरा भाग सर्व्हिस चार्जचा. हा सरकारी नाही. त्यातला एक पैसाही कर म्हणून कुठे भरला जात नाही. तो हॉटेलने स्वतःहून लावलेला असतो आणि हॉटेलकडेच राहतो. तीस जून २०१७ पर्यंत एसी हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा खराच सरकारी कर असायचा, आणि नावं सारखी असल्यामुळे अजूनही बरेच लोक सर्व्हिस चार्ज म्हणजे तोच कर समजतात. तो कर १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपला. आज बिलावर ‘सर्व्हिस’ शब्दाने सुरू होणारी जी ओळ दिसते, ती कराची नाही.

आमचं बिल

बिलावर होतं ते असं:

पनीर टिक्का ३८०, व्हेज कोल्हापुरी ३४०, चिकन हंडी ५२०, रोट्या आठ ३६०, जीरा राईस २४०, सोलकढी चार २८०, पाण्याच्या बाटल्या दोन ८०. खाण्यापिण्याची बेरीज २,२००.
बिअर दोन, ८००.
सब टोटल ३,०००.
एस. सी. १० टक्के, ३००.
सीजीएसटी २.५ टक्के, ८२.५०.
एसजीएसटी २.५ टक्के, ८२.५०.
व्हॅट १० टक्के, ८०.
एकूण ३,५४५.

सर्व्हिस चार्ज कुठे बसवलाय ते बघा. सब टोटलच्या खाली आणि कराच्या वर. बहुतेक छापील बिलांत तो तिथेच असतो, आणि पूर्ण नावाने क्वचित. ‘एस. सी.’, ‘सर्व्ह. चार्ज’, कधी ‘स्टाफ कॉन्ट्रिब्यूशन’ किंवा ‘स्टाफ वेल्फेअर’. सीजीएसटी, एसजीएसटीच्या रांगेत दोन अक्षरं आली की डोळा त्यालाही कर समजतो आणि पुढे सरकतो. म्हणून बिल हातात आल्यावर पहिली नजर सब टोटल आणि सीजीएसटी यांच्या मधल्या जागेवर टाकायची. तिथे काहीही असलं तर त्याचं नाव काय, हे विचारायचं.

जीएसटी उलटा मोजा

स्वतंत्र रेस्टॉरंटसाठी जीएसटी पाच टक्के आहे. तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत छापतात, कारण अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. एसी असो वा नसो, बसून खा वा पार्सल न्या, दर तोच. नोव्हेंबर २०१७ च्या आधी एसी रेस्टॉरंटला अठरा आणि बिगर-एसीला बारा टक्के असा फरक होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो गेला. म्हणून कुणी ‘एसी सेक्शनला जीएसटी जास्त’ असं सांगितलं तर ते बरोबर नाही. एसी हॉलमध्ये पदार्थांचे भाव जास्त असू शकतात, पण ते मेनूवर छापलेले हवेत.

पाच टक्के म्हणजे विसावा भाग. खाण्याच्या रकमेला वीसने भागलं की जीएसटी येतो. पण मला ही रीत उलटी वापरायला जास्त आवडते. बिलावरच्या दोन्ही जीएसटींची बेरीज करा आणि विसाने गुणा. जो आकडा येईल, तेवढ्या रकमेवर हॉटेलने कर लावलाय. आमच्या बिलात १६५ गुणिले वीस म्हणजे ३,३००. जेवण २,२०० चं. म्हणजे १,१०० रुपयांवर जास्तीचा कर लागला होता. मग बिलात अकराशे कुठे सापडतात ते बघायचं. बिअर ८०० आणि सर्व्हिस चार्ज ३००. झाले अकराशे. चूक कुठे आहे ते कुणाला न विचारता समजलं.

या रीतीचा फायदा असा की मॅनेजरशी बोलताना ‘काहीतरी जास्त लागलंय’ असं मोघम म्हणावं लागत नाही. ‘बिअरवर आणि सर्व्हिस चार्जवर जीएसटी लागलाय’ असं नेमकं म्हणता येतं, आणि नेमक्या वाक्याला उत्तरही नेमकंच मिळतं.

पैशांची फरक-बेरीज रुपयापर्यंतच बघा. पन्नास पैशांच्या राउंड ऑफवर थांबू नका, तो नियमातलाच आहे.

दारूची ओळ

माणसाने प्यायची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. बिअर, वाइन, व्हिस्की, रम, सगळ्यांवर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये बसून प्यायलेल्या दारूवर पूर्वी पाच टक्के व्हॅट होता, तो १ नोव्हेंबर २०२३ पासून दहा टक्के झाला. चार तारे आणि त्यावरच्या हॉटेलांत तो वीस टक्के आहे. आमच्या ८०० रुपयांच्या बिअरवर ८० रुपये व्हॅट बरोबरच होता.

चूक ही की त्याच ८०० वर जीएसटीही लागला होता, ४० रुपये. एका वस्तूवर दोन्ही कर लागूच शकत नाहीत. हे बहुतेक वेळा कुणी जाणूनबुजून करत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पदार्थ नोंदवताना त्याला कराचा गट द्यावा लागतो, आणि नवीन ब्रँड आला की घाईघाईत तो खाण्याच्या गटात टाकला जातो. मी स्वतः महिनाअखेरीला हिशेब जुळवताना अशा नोंदी दुरुस्त केल्या आहेत. पण चूक सॉफ्टवेअरची असली तरी चाळीस रुपये आपले जातात, आणि त्या संध्याकाळी बिअर मागवलेल्या प्रत्येक टेबलावरून जातात.

सोबत मागवलेला सोडा, कोल्ड्रिंक, मॉकटेल आणि चकणा मात्र जीएसटीतच येतो. म्हणूनच नीट चालवलेल्या परमिट रूममध्ये खाण्याचं आणि दारूचं बिल वेगवेगळं देतात. एकत्र बिल आलं तर दोन बेरजा स्वतः करून घ्या. आणि मेनूवर दारूचे भाव ‘सर्व करांसहित’ असे छापले असतील, तर बिलात व्हॅट वेगळा लागायला नको. मेनूचं शेवटचं पान वाचण्याची सवय यासाठी लावून घ्यावी. ही बारीक अक्षरं तिथेच असतात.

सर्व्हिस चार्ज: नियम नेमका काय सांगतो

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या पाच गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही नावानेही घ्यायचा नाही. ग्राहकावर सक्ती करायची नाही आणि तो ऐच्छिक आहे हे त्याला स्पष्ट सांगायचं. चार्ज देणार नसेल तर प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही.

त्याच महिन्यात हॉटेलमालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि या सूचनांना स्थगिती मिळाली. ती जवळजवळ पावणेतीन वर्षं टिकली. मग २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी निकाल दिला: सूचना वैध आहेत, सर्व्हिस चार्ज सक्तीने घेता येत नाही, आणि दोन्ही याचिका फेटाळून प्रत्येकी एक लाख रुपये खर्च लावला. संघटनांनी त्यावर अपील केलं. हा क्रम लक्षात असू द्या, कारण अनेक हॉटेलांत आजही २०२२ च्या स्थगितीची बातमी मोबाइलवर दाखवतात. त्यांना शांतपणे २८ मार्च २०२५ ही तारीख सांगायची.

‘मेनूवर खाली लिहिलंय की दहा टक्के सर्व्हिस चार्ज लागेल’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. मेनूवर लिहिल्याने तो ऐच्छिकचा सक्तीचा होत नाही. न विचारता बिलात घालणं यालाच सूचनांत मनाई आहे, मग ते आधी छापलेलं असो वा नसो.

वाढप्यांच्या बाजूने एक गोष्ट मनापासून सांगते. ‘ते पोरांनाच जातं’ असं मॅनेजर म्हणतात, आणि काही ठिकाणी ते खरंही असतं; महिन्याच्या शेवटी गोळा झालेली रक्कम हुद्द्यानुसार वाटली जाते. पण किती गोळा झाली, किती वाटली, तुटलेल्या बश्यांचे पैसे त्यातून कापले का, हे ग्राहकाला तर नाहीच, कित्येकदा त्या पोरांनाही माहीत नसतं. ज्याने आपल्याला चांगलं वाढलं त्याला द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या. शिवाय सर्व्हिस चार्ज बिलात राहिला की त्यावर जीएसटीही चढतो: ३०० रुपयांवर १५. हातात दिलेल्या टिपेवर कुठलाच कर लागत नाही.

बोलायचं कसं, आणि कधी

पैसे देण्याच्या आधी. ही एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि कारण तांत्रिक आहे. बिल छापलं गेलं तरी पैसे जमा होईपर्यंत ते सिस्टिममध्ये ‘उघडं’ असतं. मॅनेजरच्या पासवर्डने त्यात बदल करून नवीन प्रत काढता येते. कार्ड घासलं किंवा यूपीआय गेलं की बिल बंद होतं. मग रक्कम परत करणं, क्रेडिट नोट काढणं, दिवसाच्या हिशेबात नोंद करणं, एवढं सगळं मागे लागतं आणि ‘उद्या या, मालक असतील’ असं ऐकावं लागतं.

वाढप्याशी वाद घालू नका. बिल बदलायचा अधिकार त्याच्याकडे नसतो, आणि टेबलावर झालेल्या वादाची बोलणी नंतर त्यालाच खावी लागतात. त्याला एवढंच म्हणायचं, ‘दादा, जरा मॅनेजरना बोलावता का?’ आमच्याकडे झालेलं संभाषण साधारण असं होतं.

‘बिलात सर्व्हिस चार्ज लागलाय, तो काढून द्याल का?’

‘मॅडम, तो सिस्टिममध्येच येतो.’

‘बरोबर, पण तो ऐच्छिक आहे आणि आम्हाला द्यायचा नाहीये. शिवाय बिअरवर व्हॅट आणि जीएसटी दोन्ही लागलेत, तेही बघा. नवीन बिल काढून द्या, आम्ही थांबतो.’

तो दोन पावलं मागे गेला, बिलावर बोट ठेवून बेरीज केली. ‘बिअरचं खरंच चुकलंय,’ म्हणाला. मग, ‘मॅडम, असं करा ना, सर्व्हिस चार्जचे तीनशे मी कॅश परत देतो.’

इथे जरा थांबायचं. रोख परत घेऊ नका. तीनशे रुपये हातात मिळाले तरी बिलात सर्व्हिस चार्ज तसाच राहतो, त्यावरचा जीएसटीही राहतो, आणि कागदावर आपण तो खुशीने दिलेला ठरतो. दुरुस्त केलेलं नवीन बिलच मागायचं. आम्ही तेच मागितलं आणि पाच-सात मिनिटांत मिळालं: जेवण २,२००, त्यावर जीएसटी ११०, बिअर ८००, त्यावर व्हॅट ८०, एकूण ३,१९०. आधीच्या बिलापेक्षा ३५५ कमी. तीनशे चार्जचे, पंधरा त्याच्यावरच्या जीएसटीचे, चाळीस बिअरवर चुकून लागलेल्या जीएसटीचे. निघताना दिरांनी ज्या मुलाने वाढलं होतं त्याला दोनशे रुपये दिले.

सूट असेल तरी हेच लक्षात ठेवा. हॉटेलने बिलातच दहा टक्के सूट दिली असेल, तर कर सूट वजा केल्यावरच्या रकमेवर लागतो. २,२०० च्या जेवणावर २२० सूट, मग १,९८० वर ९९ रुपये जीएसटी. सूट सगळ्यात खाली, कराच्या नंतर वजा केलेली दिसली तर वरच्या करात अकरा रुपये जास्त गेलेत.

जिथे कर लागायलाच नको, आणि जिथे अठरा टक्के बरोबर

छोटी खानावळ, मिसळीचं दुकान, थाळीचं हॉटेल यांच्याबाबतीत प्रश्न वेगळा असतो. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या रेस्टॉरंटला कॉम्पोझिशन योजना घेता येते. त्यात मालक उलाढालीवर पाच टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो; ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घ्यायला त्याला मनाई आहे. त्याने दिलेल्या कागदाचं नाव ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नसतं, ‘बिल ऑफ सप्लाय’ असतं, आणि त्याच्या डोक्यावर ‘कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज’ हे शब्द छापावे लागतात. दुकानाच्या पाटीवरही ‘कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन’ लिहिणं बंधनकारक आहे. अशा ठिकाणी बिलात सीजीएसटी, एसजीएसटीच्या ओळी आल्या तर ते पैसे द्यायचेच नाहीत. वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आणि नोंदणीच न केलेल्या हॉटेललाही जीएसटी घेता येत नाही.

शंका आली तर टेबलावर बसूनच खात्री होते. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या हॉटेलचा क्रमांक 27 ने आणि गोव्यातला 30 ने सुरू होतो. पुढची दहा अक्षरं मालकाच्या किंवा कंपनीच्या पॅनची. मोबाइलवर `gst.gov.in` उघडा, `Search Taxpayer` मध्ये जाऊन `Search by GSTIN/UIN` निवडा, क्रमांक आणि चित्रातली अक्षरं टाका. लॉगिन लागत नाही. जे पान येतं त्यावर तीन गोष्टी बघा: नाव आणि पत्ता या हॉटेलशी जुळतात का, `GSTIN / UIN Status` समोर `Active` आहे का, आणि `Taxpayer Type` समोर `Regular` आहे की `Composition`. स्थिती `Cancelled` असेल किंवा प्रकार `Composition` असेल आणि तरी बिलात कर लागला असेल, तर तो पडदा मॅनेजरला दाखवला की पुढे फार बोलावं लागत नाही. मालक आणि दुकानाचं नाव वेगळं असणं मात्र नेहमीचं आहे. कंपनीचं कायदेशीर नाव वेगळं असतं, त्यावरून भांडू नका. `Trade Name` ची ओळ बघा.

बिलावर जीएसटी घेतलाय पण क्रमांकच नाही, बिलाला अनुक्रमांकही नाही, असं असेल तर ते कच्चं बिल आहे. पक्कं बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ‘बिल नको असेल तर जीएसटी लावत नाही’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा: तो कर चुकवणारा व्यवहार आहे, आणि पोट बिघडलं तर तिथे जेवल्याचा पुरावाही हातात राहत नाही.

आता उलटी बाजू. मोठ्या हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये अठरा टक्के जीएसटी लागलेला बघून चक्रावू नका. ज्या हॉटेलमध्ये खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटला अठरा टक्केच लागतो, तुम्ही तिथे राहत असा वा नसा. १ एप्रिल २०२५ पासून हे मागच्या आर्थिक वर्षात खोलीसाठी प्रत्यक्षात किती घेतलं त्यावर ठरतं. हॉटेलला स्वतःहून तसं जाहीर करण्याचीही मुभा आहे. २,२०० च्या जेवणावर तिथे ११० ऐवजी ३९६ रुपये कर होईल, आणि तो योग्य असेल. पण रस्त्यावरच्या, खोल्या नसलेल्या रेस्टॉरंटने अठरा टक्के लावले तर प्रश्न विचारायला भक्कम जागा आहे.

पाण्याच्या बाटलीवरून भांडण मात्र हरण्याचं आहे, म्हणून ते सांगून ठेवते. वीस रुपये छापील किंमत असलेली बाटली चाळीसला का, असं लोक हमखास विचारतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बसून घेतलेली बाटली ही नुसती वस्तूची विक्री नसते, त्यात जागा आणि सेवाही येते, म्हणून हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं. तो भाव मेनूवर हवा. बाटली नको असेल तर बसल्या बसल्याच साधं पाणी मागा. बाटलीचं झाकण उघडल्यावर तो प्रश्न संपतो.

मॅनेजर ऐकतच नसेल तर

जेवणाचे पैसे न देता उठू नका. वाद फक्त सर्व्हिस चार्जचा आहे. मागे थांबलेली लहान मुलं, म्हातारी माणसं बघता मी अशा वेळी पूर्ण बिल भरून तक्रारीचा मार्ग घेते. भरण्याआधी मॅनेजरला सांगायचं की हा चार्ज आम्ही नाकारला होता, आणि बिलाच्या प्रतीवर पेनाने तसं लिहून तारीख टाकायची. बिलाचा, मेनूवरच्या सर्व्हिस चार्जच्या ओळीचा आणि पैसे गेल्याच्या मेसेजचा फोटो ठेवायचा.

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. तिचं संकेतस्थळ `consumerhelpline.gov.in`. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती हॉटेलकडे पाठवली जाते. हेल्पलाइनला हुकूम देण्याचा अधिकार नाही, ती मध्यस्थी करते. पण तीन-चारशे रुपयांसाठी सरकारी पत्रव्यवहार करण्यापेक्षा परत दिलेले बरे, असा विचार बरीच हॉटेलं करतात.

तुमच्याबरोबर इतर ग्राहकांकडूनही रोज सक्तीने घेतात असं दिसलं, तर प्राधिकरणाला `com-ccpa@nic.in` वर लिहा, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. २०२२ च्या सूचनांत हे दोन्ही मार्ग दिलेले आहेत, आणि दंड लावण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. स्वतःचे पैसे आणि भरपाई आदेशाने हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार `e-jagriti.gov.in` वरून घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. चुकीच्या जीएसटीचा, म्हणजे कॉम्पोझिशनवाल्याने कर घेतल्याचा मामला असेल, तर हेल्पलाइनबरोबर राज्याच्या जीएसटी विभागालाही कळवा, कारण तो पैसा सरकारात भरलाच गेला नसण्याची शक्यता मोठी असते.

दोन वर्षांची मुदत म्हटलं तरी मूळ बिलाच्या भरवशावर राहू नका. हॉटेलची बिलं थर्मल कागदावर छापतात. उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली तर काही महिन्यांत कोरी होतात. त्याच रात्री फोटो काढून ठेवा, आणि त्यात वरचा जीएसटी क्रमांक, बिलाचा अनुक्रमांक आणि खालची बेरीज, तिन्ही स्पष्ट वाचता येताहेत ना ते बघा.